नंबर प्लेटवरून गाडीची रुंदी: शेजाऱ्याचं खोटं पकडलं की स्वतःचंच गणित फसलं?

पार्किंगग्रस्त_पुणेकर: आमच्या शेजाऱ्यांची स्विफ्ट रोज माझ्या स्लॉटच्या रेषेवर. विचारलं तर म्हणे गाडी १७३५ मिमी रुंद आहे, दार उघडायला जागा नको का. मी मागून फोटो काढला. प्लेट ५०० मिमीची, फोटोत २५० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल २ मिमी. गाडी ७७२ पिक्सेल. झाली १५४४ मिमी! ब्रोशरमधे कंपन्या काहीही छापतात. हे गणित कमिटीला पाठवतोय, कोणाला चूक दिसत असेल तर बोला.

तिरकी_नजर: बोलतो, कारण असली गणितं घेऊन लोक माझ्याकडे क्लेमच्या फायलींमधे येतात आणि डोकं उठतं. तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण २ मिमीचा हिशोब फक्त प्लेट जेवढ्या अंतरावर आहे तेवढ्याच अंतरावरच्या गोष्टींना लागू. गाडीच्या डाव्या-उजव्या कडा म्हणून तुम्ही जिथे क्लिक केलंत ते मागच्या चाकांवरचे फुगीर पत्रे आहेत. ते प्लेटच्या मागे, म्हणजे कॅमेऱ्यापासून आणखी साधारण पाऊण मीटर लांब. लांबची वस्तू लहान दिसणार, तिथे एक पिक्सेल २ मिमीचा राहतच नाही.

फोनची लेन्स बहुतेक ३५ मिमी फिल्मच्या हिशोबाने २६ मिमीवाली असणार आणि फोटो पूर्ण, ४००० पिक्सेल रुंद. मग फोकल लेंग्थ पिक्सेलमधे साधारण ३००० पडते, म्हणून ३००० गुणिले अर्धा मीटर भागिले २५०, तुम्ही ६ मीटरवर उभे होतात. पत्रे ६.७४ मीटरवर धरले तर १५४४ ला ६.७४ भागिले ६ ने गुणा. येतात १७३४. कंपनीने खोटं छापलेलं नाही.

पार्किंगग्रस्त_पुणेकर: वा, ०.७४ कुठून आणलंत? उत्तर १७३५ हवं म्हणून मागून घुसवलेला आकडा.

झूम_जोशी: लेन्सचा दोष आहे हो हा सगळा. मोबाईलची वाइड लेन्स कडा ओढते. २ एक्स झूम करून काढा, बरोबर येईल. मी लग्नाचे फोटो काढतो, मला विचारा.

तिरकी_नजर: जोशीबुवा, अर्धं बरोबर. पण तिथेच उभं राहून झूम केलात तर प्लेट ५०० पिक्सेल आणि गाडी १५४४ पिक्सेल, म्हणजे पुन्हा १५४४ मिमीच. गुणोत्तर हलत नाही. झूम करून *मागे सरकलात* तर सुधारतं, आणि ते लेन्समुळे नाही, तुमच्या पायांमुळे.

पुणेकर, ०.७४ वर तुमचा आक्षेप रास्त आहे, मी अंदाजच घेतला. पण विश्वास ठेवायचं कारण नाही, बाजूने टेप लावून प्लेटपासून मागच्या चाकापर्यंत मोजा. तेही नको असेल तर १२ मीटरवरून दुसरा फोटो काढा. तुमच्या पद्धतीने हीच गाडी तिथून साधारण १६३४ येईल. मागे सरकलं की गाडी ९० मिमी जाड होत असेल तर चूक गाडीत आहे की पद्धतीत, कमिटीलाच ठरवू दे.

ठाण्याची_सुमन: प्लेट ५०० ची आहे हे कोणी मोजलं का पण? माझ्या गाडीला नवीन एचएसआरपी लावायला गेले, अपॉइंटमेंट घेऊन, तर मागची प्लेट आली ती दोन ओळींची चौकोनी, ३४० बाय २०० ची. बसेचना. परत पाठवली, परत तीच आली. वर तिथला माणूस म्हणतो मॅडम फ्रेमचे वेगळे पैसे.

नाना_नागपूर: सुमनताई फ्रेमचा विषय काढलात म्हणून. प्लेटचेच ७४५ अधिक जीएसटी घेतात आणि शेजारच्या राज्यात कमी, हे कोणी विचारत नाही. २०१९ च्या आधीच्या गाडीवाल्यांनी काय पाप केलं? मुदत वाढवत वाढवत नेली म्हणजे जे वेळेत गेले ते मूर्ख.

झूम_जोशी: नाना, चोरीच्या गाड्या सापडतात त्याने. स्नॅप लॉक तोडल्याशिवाय प्लेट निघत नाही.

नाना_नागपूर: माझी निघाली! खड्ड्यात एक लॉक गेलं, महिनाभर एका बाजूला लटकत होती. चोर शिकवू नका मला.

ठाण्याची_सुमन: आणि ते "दादा" दिसेल असे आकडे वळवून फिरतात त्यांना कोणी अडवत नाही, आम्ही रांगेत.

तिरकी_नजर: रेटचं भांडण चालू द्या, पण सुमनताईंनी कामाचं सांगितलंय. फॅन्सी प्लेट असेल तर ५०० धरायचंच नाही. एचएसआरपी असली तरी काळ्या प्लास्टिक फ्रेमची ओठासारखी कड दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिमी खाते. दिसतात ४९०, तुम्ही धरता ५००, की रुंदी २ टक्के फुगली, म्हणजे ३५ मिमी. शिवाय प्लेटची कड दोन पिक्सेल इकडेतिकडे क्लिक केली की आणखी १४ मिमी. म्हणून फोटोवरून मी कधी मिलिमीटरमधे बोलत नाही.

गल्लीतला_वकील: एवढं कशाला, आरसी बघा की.

तिरकी_नजर: आरसीवर व्हीलबेस असतो साहेब, रुंदी नसते.

पार्किंगग्रस्त_पुणेकर: बरं, तुमचे १७३४ खरे, माझे १५४४ खोटे, हार घेऊन येतो. पण मग प्लेट वापरूच नये का? पोलीस तर फोटोवरूनच सगळं काढतात.

तिरकी_नजर: वापरा की. बंपरचे कोपरे, टेललाइटमधलं अंतर, डिकीवरचा पोचा, हे सगळं प्लेटच्या जवळपास त्याच अंतरावर असतं, तिथे प्लेट झकास चालते. आधी प्लेटचीच लांबी-उंची तपासा, ५०० ला १२० म्हणजे ४.१७ पट यायला हवी. ३.९ आली तर तुम्ही साधारण वीस अंश बाजूला उभे आहात, आणि मग गाडीची कुशीही रुंदीत मोजली जाते. ४.१७ पेक्षा जास्त आली तर प्लेट मागे कललीय किंवा तुम्ही वरून फोटो काढलाय. दोन्ही एकदम असेल तर मात्र ही परीक्षाही फसवते.

ठाण्याची_सुमन: आणि आरसे? १७३५ मधे आरसे नाहीत. माझ्या दाराला दर वेळी शेजारच्याचा आरसाच लागतो, पत्रा नाही.

झूम_जोशी: आरसे मिटतात.

ठाण्याची_सुमन: त्यांचे नाही मिटत. मिटवायचे कष्ट घेत नाहीत.

पार्किंगग्रस्त_पुणेकर: हाच तर मुद्दा! स्लॉट २५०० चा, गाडी तुमच्या म्हणण्याप्रमाणे १७३५. उरले ७६५, दोन्ही बाजूंना ३८ सेंटीमीटर. तरी रेषेवर का?

गल्लीतला_वकील: ३८ सेंटीमीटरमधे दार उघडून बाहेर या बघू. पोट आहे का तुम्हाला?

पार्किंगग्रस्त_पुणेकर: वैयक्तिक जाऊ नका. आणि माझ्या स्लॉटच्या दुसऱ्या बाजूला खांब आहे, ते कोणी मोजलं नाही.

तिरकी_नजर: खांबाला नंबर प्लेट नाही. टेप घ्या.

नाना_नागपूर: ७४५ चं उत्तर अजून कोणी दिलं नाही.