मदत हवी आहे: वार्षिक अहवालाच्या पानावर कोणते आलेख घ्यावेत?

आमच्या छोट्या संस्थेच्या अहवालात खर्चाचं एक पान माझ्याकडे आलंय. सात बाबी आहेत: शिक्षण ३४ टक्के, आरोग्य २९, प्रशिक्षण १४, प्रशासन ११, प्रवास ६, छपाई ४, इतर २. आधी पाय चार्ट केला. पण ३४ आणि २९ च्या फोडी सारख्याच दिसतात, आणि कृष्णधवल छापल्यावर बाजूच्या रंगसूचीतला कुठला रंग कुठला, तेच कळेना. म्हणून आता आडवे स्तंभ केलेत: मोठ्यापासून लहानापर्यंत, नाव डावीकडे, आकडा स्तंभाच्या टोकाला, ‘इतर’ सगळ्यात खाली. रंगसूची काढूनच टाकली.

अडलंय ते दुसऱ्या आलेखावर. लाभार्थी गेल्या वर्षी ४१२, यंदा ४४८. सॉफ्टवेअरने अक्ष ४००पासून सुरू केला, त्यामुळे यंदाचा स्तंभ चौपट उंच दिसतो. खरी वाढ जेमतेम ९ टक्के! शून्यापासून काढला तर दोन्ही जवळपास सारखेच, आणि सहकारी म्हणतात, “वाढ दिसतच नाही.”

दोनच आकड्यांसाठी आलेख हवाच का? की ठळक अक्षरांत ‘४१२ वरून ४४८’ एवढं पुरे? आणि शीर्षक ‘लाभार्थी संख्या’ ठेवू, की ‘यंदा ३६ लाभार्थी वाढले’?