आधी दोन्ही मापं एकाच पद्धतीची आहेत का ते बघा
> "मार्फन असलेल्या बहिणीचा एऑर्टिक रूट सहा महिन्यांत ४१ वरून ४४ मिमी झालाय. आता मूल होऊ देण्याचा विचार सोडायचा का?"

लगेच नको. मार्फन या आनुवंशिक आजारात एऑर्टिक रूट, म्हणजे हृदयाजवळचा महाधमनीचा सुरुवातीचा भाग, रुंदावत जातो, पण आधी माप नीट तपासा. माझ्या बायकोचंही असंच झालं होतं. पहिलं माप एकोचं होतं, दुसरं सीटीचं. एकोत आणि सीटीत रूट वेगवेगळ्या कोनांतून मोजतात. भिंतीची जाडी धरली की नाही यानेही एकदोन मिमी इकडेतिकडे होतात. जुन्या पद्धतीने पुन्हा मोजल्यावर तिचा रूट ४२च निघाला. वाढ खरी असेल तर मात्र गंभीर आहे; मार्फनमध्ये ४५ मिमीच्या पुढे दिवस राहण्याआधी शस्त्रक्रियेचाच सल्ला देतात.

औषधाचंही बघा. रक्तदाबाचं औषध लोसार्टन पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना घातक, त्यामुळे डॉक्टरांनी दिवस राहण्याआधीच ते थांबवून मेटोप्रोलॉल ठेवलं. दर महिन्याला एको, तोही त्याच मशीनवर (हट्टच धरला होता!). आणि बाळंतपण झालं की सुटलो असं नसतं. महाधमनी फाटण्याचा धोका शेवटच्या तिमाहीइतकाच नंतरच्या काही आठवड्यांतही असतो. छातीत किंवा पाठीत अचानक असह्य कळ आली, तर ती बाळंतिणीची पाठदुखी समजून शेकत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.