बॅकअपच्या मेलमधे धोका कसा सांगायचा

"छोट्या दुकानदारांना बॅकअप सर्व्हिसचा मेल पाठवायचाय. रॅन्समवेअर लिहिलं की घाबरतात, नाही लिहिलं तर वाचत नाहीत. काय लिहू?"

सुरुवात दुकानातल्या टॅलीच्या कॉम्प्युटरपासून करा, त्याला बाहेरची हार्डडिस्क कायम लावलेली असते आणि शेठना वाटतं झाला की बॅकअप. मेलमधे सरळ लिहा, "कॉम्प्युटर बिघडला तर ही डिस्क कामाला येईल. पण फायली लॉक करणारा व्हायरस आला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीपण लॉक होऊ शकतात. म्हणून कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा आणि एक कॉपी दुकानाबाहेर असू द्या." बास, हॅकरचे फोटो वगैरे अजिबात नकोत.

मग नुकसान त्यांच्याच हिशोबात मांडा. समजा शेवटचा बॅकअप रविवारी रात्री झाला, गुरुवारी रात्री कॉम्प्युटर बसला आणि दिवसाला 40 बिलं होतात, तर 160 बिलं परत हाताने टाकायची, तीपण कागदी कॉपी असेल तरच. यात भीती नाही, नुसतं गणित आहे, आणि रोज बॅकअप का घ्यायचा हे वेगळं समजवावं लागत नाही.

एक करून बघायला सांगा: बॅकअप वेगळ्या फोल्डरमधे रिस्टोअर करून शेवटचं बिल दिसतंय का ते बघा. वेगळ्याच फोल्डरमधे हं, नाहीतर चालू डेटावर जुना बसायचा.

आणि बॅकअपने व्हायरस थांबत नाही, चोरलेला डेटा परत येत नाही, हेपण लिहाच. सेल्सवाले नाक मुरडतील, मुरडू देत.