मदत हवी आहे: काकांच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून माझं नाव निघालं

पुणेकर_पुतण्या
काका गेल्या महिन्यात वारले. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे. कोथरूडचा फ्लॅट मुलीला, त्यांच्या जुन्या शाळेला 2 लाख, उरलेलं मुलगा-मुलगी निम्मं निम्मं. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा, मी, आणि हे मला मृत्युपत्र उघडल्यावरच कळलं. बचत खात्यात 6 लाख, एफडी 14 लाख. चुलतभाऊ कॅनडात असतो. तो म्हणतो, "दादा, 20 मधून शाळेचे 2 वजा कर, माझे 9 लगेच पाठव." पण हॉस्पिटलचं 3 लाख 20 हजारांचं बिल राहिलंय, आणि काकांच्या मित्राकडे दोन वर्षांपूर्वीची 4 लाखांच्या हातउसन्याची सही केलेली चिठ्ठी आहे. मी नक्की काय करायचं? नाही म्हणता येतं का?

दुसरं असं की साताऱ्याची आत्या (वय 78, मूलबाळ नाही) आता मृत्युपत्र करायचं म्हणते. तिने कोणाला नेमावं?

रंकाळा_77
एफडीला नॉमिनी कोण? भाऊ असेल तर विषय संपला, पैसे त्याचे.

निवृत्त_शिरस्तेदार
रंकाळा, अर्धंच बरोबर. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, पण तो मालक होत नाही. त्याने ते मृत्युपत्राप्रमाणे हक्कदारांसाठी सांभाळायचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलं.

पुतण्या, नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. अंत्यविधीचा खर्च केला, घराला कुलूप लावलं, एवढ्याने तुम्ही काम स्वीकारलं असं होत नाही. पण एकदा येणी वसूल करायला, देणी भागवायला लागलात की अंग काढून घेणं अवघड.

स्वीकारलंत तर आधी यादी करा: खाती, एफडी, लॉकर, फ्लॅटची कागदपत्रं, देणी. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन देणेकऱ्यांना मुदत द्या. मग क्रम पाळा. अंत्यविधी आणि शेवटच्या महिन्याचा औषधोपचार सगळ्यांत आधी. घरी मदतनीस होती का?

पुणेकर_पुतण्या
होती. तिचा दोन महिन्यांचा 30 हजार पगार बाकी आहे. अंत्यविधीला 50 हजार मीच घातले.

निवृत्त_शिरस्तेदार
तुमचे 50 हजार तुम्हाला परत मिळतात, पावत्या ठेवा. मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतला घरकामाचा पगार इतर कर्जांच्या आधी येतो. आता हिशेब पाहा: 20 लाखांतून अंत्यविधी 50 हजार, हॉस्पिटल 3.20 लाख, पगार 30 हजार, हातउसने 4 लाख गेले की उरले 12. शाळेचे 2 दिले की 10. म्हणजे भावाचे 9 नाहीत, 5 लाख, आणि त्यातूनही नोटिशीचा वगैरे खर्च जाईल. काकांचं या वर्षीचं आयकर विवरणपत्रही तुम्हालाच भरावं लागेल.

भावाला आज 9 दिलेत आणि मित्र कोर्टात गेला, तर तूट तुमच्या खिशातून भरायची वेळ येऊ शकते. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटप करायला तुम्ही कायद्याने बांधील नाही. हे त्याला लेखी कळवा.

माहेरवाशीण
आमच्याकडे बाबांचं मुखत्यारपत्र माझ्याकडे होतं. त्यावरच सगळं झालं असतं ना? एक्झिक्युटर कशाला?

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, मुखत्यारपत्र माणूस गेला की तिथेच संपतं. त्यानंतर त्यावर किंवा त्यांच्या एटीएम कार्डावर पैसे काढू नका.

डोंबिवली_फास्ट_लोकल
प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, त्याशिवाय पान हलत नाही म्हणे?

निवृत्त_शिरस्तेदार
पुण्यातल्या मालमत्तेला ते सक्तीचं कधीच नव्हतं. मुंबईतल्या मालमत्तेसाठी होतं, पण 2025 च्या अखेरीस ते कलमच काढलं. तरी भावंडांत वाद असेल तर घेतलेलं बरं. घेतलंत तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यावा लागतो.

सासुरवाडी_सांगली
आत्याबाईंसाठी सांगते. सासऱ्यांनी त्यांच्याच वयाच्या मित्राला नेमलं होतं. मित्र त्यांच्याआधी गेले. पर्यायी नाव नव्हतं, मग कोर्टातून प्रशासनपत्र काढावं लागलं. आत्यांनी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, साताऱ्यातच राहणारा, आणि आधी विचारून हो म्हटलेला माणूस नेमावा. दुसरं नावही लिहावं. आणि एक बघा, त्या माणसाने आजवर भिशीचा, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब वेळेवर दिलाय का? मी तरी नात्यापेक्षा ते आधी बघेन.

निवृत्त_शिरस्तेदार
एकाच वेळी दोघांना नेमलं, तर मृत्युपत्रात वेगळं लिहिलं नसल्यास दोघांपैकी एकटाही व्यवहार करू शकतो. दोघांच्या सह्या हव्या असतील तर तसं स्पष्ट लिहून घ्या. ज्याला हिस्सा मिळणार, तोही एक्झिक्युटर चालतो. मात्र भावंडांत आधीच धुसफूस असेल तर मी तिऱ्हाईत सुचवेन.

पुणेकर_पुतण्या
नॉमिनी भाऊच आहे. त्याने बँकेतून 14 लाख परस्पर उचलले तर?

निवृत्त_शिरस्तेदार
बँकेला मृत्युपत्राच्या प्रतीसह पत्र द्या, पोच घ्या. पण कोर्टाची मनाई नसेल तर बँक बहुधा नॉमिनीलाच देईल. मग भावाकडून वसूल करणं तुमच्यावर. वहिनी, म्हणजे चुलतबहीण, काय म्हणते?

पुणेकर_पुतण्या
वहिनी नाही, ताई आहे ती. तिला मनाई अर्ज नको, "घरचं कोर्टात नको" म्हणते. उद्या वकिलांकडे जातोय. पत्र मात्र आज टाकतो.