गर्दीत वायर तुटते की ब्लूटूथ?

रोजची_धावपळ: आधी ट्रेन, मग बस, असा दीड तास उभ्याने प्रवास करते. वर्षभरात दोन वायरवाले इयरफोन गेले, दोन्हींचा एकच कान बंद पडला. मैत्रिणीचे वायरलेस आठवडाभर वापरले, तर घरी झकास आणि नेमक्या गर्दीत आवाज तुटतो. काय घेऊ?

चौथी_सीट: वायर. विषय संपला. वायरलेस म्हणजे रात्री चार्जिंगला लावायची आणखी एक वस्तू. आणि गर्दीत शंभर जणांचे ब्लूटूथ एकमेकांत घुसतात, आवाज तुटणारच की.

सोल्डरवाला: अर्धं बरोबर. ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय एकाच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, हे खरं. पण ब्लूटूथ एका चॅनलवर ठाण मांडून बसत नाही. गाणी ऐकताना ते सेकंदाला 1600 वेळांपर्यंत उडी मारू शकतं आणि जिथे गोंगाट दिसेल ते चॅनल टाळतं. त्यामुळे आजूबाजूला बरेच इयरफोन असले तरी सहसा निभावतं.

खरा अडथळा माणसाचं शरीर. आपल्यात पाणी भरपूर, आणि या लहरी ते शोषून घेतं. घरात लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून कानापर्यंत येतात. गर्दीत तो वळसाही माणसांनी अडवलेला. धागाकर्ती, फोन कुठे ठेवता?

रोजची_धावपळ: जीन्सच्या मागच्या खिशात, उजवीकडे. सॅक पुढे घेतलेली असते.

सोल्डरवाला: म्हणजे फोन आणि कान यांच्यामध्ये तुम्ही स्वतःच उभ्या आहात, वर मागचा माणूस खिशाला चिकटलेला. दोन दिवस फोन सॅकच्या वरच्या कप्प्यात, छातीशी ठेवून बघा. शिवाय ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या इयरफोनच्या नावाशेजारच्या गिअरवर टॅप करा. LDAC, म्हणजे जास्त दर्जाचा आवाज पाठवायची पद्धत, चालू असेल तर बंद करा. ते सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत माल पाठवतं, गर्दीत तेवढा पोचत नाही. गाडीच्या खडखडाटात फरक कळणारही नाही.

बस_नंबर_विसरलो: माझं ऐका, नॉइज कॅन्सलेशनवालेच घ्या. इंजिनाची घरघर गायब होते, आवाज कमी ठेवून भागतं, कानांना बरं.

चौथी_सीट: अहो, विचारलंय काय! तुटतं का, ते विचारलंय. आणि ती रबरी टोकं कानात नीट बसली तर वायरवाल्यातही बाहेरचा आवाज बराच अडतो.

दारातली_जागा: वायरलेसचं माझं दुःख वेगळं. दारात उभी होते, कोणाचा तरी कोपर लागला आणि उजवा कान थेट रुळांवर. डावा अजून डबीत आहे, टाकवत नाही.

उभा_प्रवासी: वायरचीही ऐका मग. माझी एका काकूंच्या पिशवीच्या चेनमध्ये अडकली. त्या उतरल्या, इयरफोनही त्यांच्याबरोबर उतरला. फोन वाचला, कारण पिन सुटली!

सोल्डरवाला: सुटली हे नशीब. बहुतेक वेळा पिन सुटत नाही, आतली तार तुटते. मी दुरुस्त केलेल्यांपैकी बहुतेक पिनच्या मानेपाशीच गेलेले, काही दोन कानांच्या वायरी जिथे फुटतात तिथे. ओळखायचं कसं? गाणं चालू ठेवा आणि पिनेपासून बोटभर-बोटभर वायर हळूच वाकवत वर जा. जिथे खरखर होऊन बंद कान क्षणभर जिवंत होतो, तिथेच तार तुटलेली. पण आधी फोनच्या भोकात खिशातला कापूस साचलाय का ते बघा. पिन पूर्ण बसली नाही तरी एक कान जातो, आणि लोक चांगला इयरफोन फेकून देतात.

रोजची_धावपळ: पिनेपाशीच खरखरतंय, दोन्हींचं! फोन खिशात उभा असतो आणि बसताना पिन वाकते, आत्ता लक्षात आलं.

सोल्डरवाला: मग पुढच्या वेळी काटकोनी पिनेचा बघा. वायरचा एक वेटोळा खिशातच ठेवा, म्हणजे हिसका वेटोळ्याला बसेल, पिनेला नाही.

चौथी_सीट: बघा, शेवटी वायरच.

उभा_प्रवासी: आणि ती वायर शर्टला घासून कानात धपधप वाजते, त्याचं काय?

चौथी_सीट: कानामागून फिरवून घाला. धपधप बरीच कमी होते.

रोजची_धावपळ: दोन दिवस करून बघितलं. LDAC बंद, फोन सॅकच्या वरच्या कप्प्यात. ट्रेनमध्ये आधी दर दोन-तीन मिनिटांनी तुटायचं, काल पूर्ण प्रवासात दोनदा, आज एकदा. पण बसमध्ये एका वळणावर अजून तुटतं, दोन्ही दिवस तिथेच.

सोल्डरवाला: दोन्ही गोष्टी एकदम बदलल्यात, म्हणजे कशाने सुधारलं ते कळणार नाही. उद्या LDAC परत चालू करून बघा. त्या वळणाचं मात्र मलाही कोडं आहे. तिथे गाणं ऑनलाइन चालू असतं का? मग नेटच जात असेल, इयरफोन बिचारा निर्दोष.

रोजची_धावपळ: ऑनलाइनच! उद्या डाउनलोड केलेलं लावते.

दारातली_जागा: एकच कान विकत मिळतो का हो कुठे?