एलसीए: रिकर्शन असताना बायनरी लिफ्टिंगचा खटाटोप कशाला?

सावली_उन्हाची: माझं मत स्पष्ट आहे. दोन नोडचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज काढायला आठ ओळींचं रिकर्शन पुरतं. तरी जो तो बायनरी लिफ्टिंग शिकवायला बसतो. इतका खटाटोप खरंच लागतो कुठे?

```python
def lca(r, p, q):
    if r is None or r is p or r is q:
        return r
    a = lca(r.left, p, q)
    b = lca(r.right, p, q)
    if a and b:
        return r
    return a or b
```

मुळाकडे: एकदाच विचारायचं असेल तर याहून चांगलं काही नाही, मीही हेच लिहितो. डावीकडून एक सापडला आणि उजवीकडून दुसरा, म्हणजे दोन्ही वाटा जिथे मिळतात तो नोड हाच. वाचताक्षणी पटतं.

पण हे फंक्शन प्रत्येक प्रश्नाला जवळजवळ अख्खी ट्री चाळू शकतं. २ लाख नोड आणि २ लाख क्वेरी घ्या. वाईटात वाईट वेळी ४,००० कोटी नोडभेटी होतात. बायनरी लिफ्टिंगमध्ये प्रत्येक नोडचा १, २, ४, ८ अशा पायऱ्या वरचा पूर्वज टेबलात लिहून ठेवतात. ते टेबल बांधलं तर ३६ लाख नोंदी एकदा भराव्या लागतात, आणि नंतर प्रत्येक क्वेरीला जास्तीत जास्त ३६ तपासण्या. तुमची अडचण नेमकी कुठली आहे, एक प्रश्न की लाखभर, हे न सांगता "पुरतं" म्हणता येणार नाही.

चौकस_पाखरू: बरोबर! बायनरी लिफ्टिंग कधीही जलदच. मी आता डोळे मिटून तेच वापरतो, रिकर्शनकडे वळतच नाही.

मुळाकडे: "कधीही" मात्र मान्य नाही. क्वेरी एकच असेल तर ३६ लाख नोंदी भरण्यातच तुमचा वेळ जातो, रिकर्शन त्याआधी संपलेलं असतं. शिवाय ट्री समतोल असेल तर २ लाख नोडची उंची १७ च्या आसपास असते. तिथे प्रत्येक नोडला पेरेंट आणि डेप्थ ठेवली आणि एकेक पायरी वर चढत गेलं, तरी ३४ पायऱ्यांत उत्तर येतं. म्हणजे टेबलाइतकंच काम, आणि टेबलाशिवाय. बायनरी लिफ्टिंग कामाला येतं ते ट्री साखळीसारखी लांबलचक होऊ शकते तेव्हा.

चौकस_पाखरू: समतोल ट्रीचं लक्षातच आलं नव्हतं. पण इनपुट कसं येईल हे आधी माहीत नसतं ना? मग धोका का पत्करायचा? तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मी सोडत नाही.

पाऊलवाट७: मला एक कळत नाही. माझ्या ट्रीमध्ये एकेका नोडला पाच-सहा मुलं आहेत. बायनरी ट्री नसेल तर बायनरी लिफ्टिंग चालणारच नाही ना?

मुळाकडे: चालतं. त्यातलं "बायनरी" ट्रीबद्दल नाही, उडीच्या लांबीबद्दल आहे. उड्या १, २, ४, ८ अशा. मुलं कितीही असोत, पेरेंट एकच असतो, आणि आपण चढतो वरच. तुम्हाला उलट रिकर्शनच बदलावं लागेल, कारण वरच्या कोडमध्ये फक्त `left` आणि `right` आहेत.

सावली_उन्हाची: ठीक आहे, माझ्याकडेही क्वेरी खूप आहेत. म्हणून लिहून पाहिलं, लहान टेस्टमध्ये उत्तरं बरोबर आली, मोठ्यात चुकली. म्हणूनच वैतागले होते. दोघांची डेप्थ एक केली, मग लहान उडीपासून मोठीकडे गेले, दोघांचे पूर्वज वेगळे असतील तर उडी मारली, शेवटी पेरेंट परत केला. यात काय चुकलं?

मुळाकडे: उड्यांचा क्रम. एकच उदाहरण सावकाश पाहू.

समजा रूटची डेप्थ ०, `u` १९ वर, `v` ८ वर, आणि सामाईक पूर्वज ३ वर. फरक ११, म्हणजे ८ + २ + १. `u` १९ वरून ११, ९, मग ८ वर येतो. तीन उड्यांत दोघं एका पातळीवर. (इथेच `u == v` झालं का ते आधी बघा आणि झालं असेल तर तिथेच परत फिरा. `v` स्वतःच पूर्वज असतो तेव्हा हे होतं.)

आता दोघांना पूर्वजाच्या एक पायरी खाली, म्हणजे डेप्थ ४ वर, थांबायचंय. चढायचं बरोबर ४. मोठीपासून सुरू करा. १६ ची उडी ट्रीच्या बाहेर जाते. रूटचा पेरेंट रूटच ठेवला असेल तर दोघं रूटवर पोचतात, म्हणजे सारखे, म्हणून उडी नाही. ८ ने डेप्थ ०, सारखे, नाही. ४ ने डेप्थ ४, वेगळे, मारा. मग २ आणि १ ने दोघं सारखे होतात, म्हणून नाही. पेरेंट घेतला, डेप्थ ३.

तुमच्या क्रमाने १ ने डेप्थ ७, वेगळे, मारली. २ ने डेप्थ ५, वेगळे, मारली. ४ ने डेप्थ १, सारखे, थांबलात. पेरेंट डेप्थ ४ वर. तो `u` चा पूर्वज आहे, `v` चा नाही. ४ चढायचं होतं, तुम्ही १ + २ = ३ वर अडकलात. चढायची उंची ०, १, ३, ७ अशी असली की उलटा क्रमही बरोबर उत्तर देतो, म्हणून लहान टेस्ट पास झाल्या.

```python
for k in range(LOG - 1, -1, -1):
    if up[k][u] != up[k][v]:
        u, v = up[k][u], up[k][v]
return up[0][u]
```

दुसरं, `LOG` तपासा. २ लाखांना १८ लागतात, कारण २ च्या १७ व्या घाताला १,३१,०७२ च होतात.

सावली_उन्हाची: क्रम बदलला, आली उत्तरं. तरी रिकर्शनला मी कमी लेखणार नाही.

कोरा_कागद: रिकर्शनचा एक दोष कुणी काढलाच नाही. `q` ट्रीमध्ये नसेलच, तर ते बिनदिक्कत `p` परत करतं. दोन्ही मिळाले का हे वेगळं मोजल्याशिवाय त्या उत्तरावर विसंबू नये. `p` वर पोचताच फंक्शन परत फिरतं, खाली उतरतच नाही, त्यामुळे नुसतं उत्तर बघून चूक कळत नाही. आणि साखळीसारख्या ट्रीवर पायथनची रिकर्शन मर्यादा, जी सहसा १,००० असते, लगेच आडवी येते.

मुळाकडे: दोन्ही मुद्दे खरे. दुसरा तर माझ्या टेबललाही लागू आहे: पेरेंट आणि डेप्थ भरायचा फेरा स्वतःचा स्टॅक किंवा रांग ठेवूनच लिहा.

पाऊलवाट७: माझं काम म्हणजे उपविभागांची रचना. नवीन नोड येतात, आणि कधीकधी अख्खी फांदी दुसरीकडे हलते. टेबल टिकेल का?

कोरा_कागद: नवीन पान जोडणं सोपं: वरच्यांच्या नोंदींवरून त्याच्या १८ नोंदी भरायच्या. फांदी हलली की मात्र तिच्या प्रत्येक नोडची डेप्थ आणि उड्या बदलतात. मी तुमच्या जागी असतो तर फक्त पेरेंट ठेवून पायरी पायरी चढलो असतो.

मुळाकडे: रचना खोल असेल तर ते महाग पडेल. हलवणं क्वचित होत असेल, तर मी तेवढ्या फांदीच्या नोंदी पुन्हा भरेन. हलवणं किती वेळा होतं आणि सर्वांत खोल नोड कितीवर आहे?

पाऊलवाट७: मोजलेलं नाही. उद्या डेप्थ काढून सांगतो.