प्रतिसाद: वाढीव वॉरंटीची रक्कम कोणत्या महिन्यापासून उत्पन्नात घ्यायची?

> “मशीनसोबत २ वर्षांची वाढीव वॉरंटी विकली, पैसे विक्रीच्या दिवशीच मिळाले. उत्पन्न लगेच दाखवायचं की ३६ महिन्यांत वाटायचं?”

दोन्ही नको. कंपनीची मूळ वॉरंटी १ वर्षाची असेल, तर वाढीव संरक्षण १३व्या महिन्यात सुरू होतं. तोपर्यंत पूर्ण रक्कम दायित्व म्हणून ताळेबंदात राहते.

समजा शुल्क २,४०० आहे आणि जुन्या अनुभवानुसार दर करारामागे सरासरी १,४०० खर्च येतो: दुसऱ्या वर्षी ४२०, तिसऱ्या वर्षी ९८०. ३६ महिन्यांत सारखं वाटलं तर दरवर्षी ८०० उत्पन्न दिसतं. मग पहिल्या वर्षी दावा नसताना ८०० नफा, दुसऱ्या वर्षी ३८० आणि तिसऱ्या वर्षी १८० तोटा! पहिल्या वर्षाचं मार्जिन शंभर टक्के दिसलं की समजा, सुरुवातीची तारीख चुकली आहे.

दाव्यांचं प्रमाण ३०:७० असल्याचा भरवशाचा पुरावा हाती असेल, तर उत्पन्नही ७२० आणि १,६८० असं घ्या. नफा ३०० आणि ७०० येतो. तसा पुरावा नसेल तर २४ महिन्यांत दरमहा १००.

दुरुस्तीचा खर्च मात्र आधीपासून पसरवू नका. ज्या महिन्यात दुरुस्ती झाली, त्याच महिन्यात तो खर्ची पडतो. भावी दाव्यांची तरतूद लागते ती फक्त उरलेला अपेक्षित खर्च शिल्लक दायित्वापेक्षा जास्त झाला तर, आणि तीही तेवढ्याच फरकाची. हा ताळा दर वर्षअखेरीला कराच, कारण सुट्या भागांचे भाव वाढले की तिसऱ्या वर्षाचा अंदाज सगळ्यात आधी कोसळतो.